कार्डावर दोन भेटी, हातात सात आठवडे: ऊसतोडीला आलेल्या एका गर्भवतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले हे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. गरोदर मातांची तपासणी दर मंगळवारी असते, शिवाय दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस. एरवी मंगळवारी पंचवीस-तीस बायका येतात. गळीत हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून टोळ्या येतात आणि हा आकडा साठाच्या घरात जातो. कर्मचारी मात्र तेवढेच राहतात: मी, एक स्टाफ नर्स, एक एएनएम, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि एक परिचर. सोनोग्राफी केंद्रात नाही, त्यासाठी ग्रामीण रुग्णालयात पाठवावे लागते.

सविता (नाव बदललेले) नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी आली. वय २२, दुसरे बाळंतपण, शेवटच्या पाळीची तारीख १० मे. म्हणजे त्या दिवशी २५ आठवडे आणि ३ दिवस झाले होते. नवऱ्याबरोबर कोयत्यावर आलेली. मुकादमाकडून दोघांनी मिळून उचल घेतलेली असल्यामुळे एक दिवस फडावर गेले नाही की खाडा पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. दवाखान्याची प्रत्येक फेरी तिला रोख पैशांत मोजावी लागत होती. पुढचे सगळे निर्णय घेताना ही गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर होती.

तिच्याजवळ माता व बाल संरक्षण कार्ड होते. गावाकडे दोन भेटी झाल्या होत्या, एक साडेअकरा आठवड्यांना आणि दुसरी साडेसतरा आठवड्यांना. रक्तगट बी पॉझिटिव्ह, एचआयव्ही व सिफिलिस निगेटिव्ह, धनुर्वात-घटसर्पाच्या टीडी लसीचे दोन्ही डोस झालेले, नोंदणीच्या वेळचे हिमोग्लोबिन ९.८. साडेएकोणीस आठवड्यांचा सोनोग्राफीचा कागद तिने पिशवीत जपून आणला होता आणि तो पाळीच्या तारखेशी जुळत होता. त्यामुळे १७ फेब्रुवारी ही प्रसूतीची अपेक्षित तारीख पक्की धरता आली. पुढे ३२ आठवडे की ३५, यावर निर्णय फिरणार असतो. तेव्हा तारीख डळमळीत असेल तर काहीच धड ठरवता येत नाही.

साखरेच्या तपासणीचा रकाना रिकामा होता. बीपी दोन्ही भेटींत ११०/७०. आधीच्या बाळंतपणापुढे एवढेच लिहिलेले: नॉर्मल डिलिव्हरी.

अडचण

साडेनऊ ते दीड या चार तासांत साठ बायका म्हणजे एकीच्या वाट्याला चार मिनिटे. बीपी नीट घ्यायचे तर आधी पाच मिनिटे शांत बसवावे लागते. म्हणजे एकट्या बीपीलाच चार मिनिटांपेक्षा जास्त वेळ हवा. अशा गर्दीत काय होते हे कार्डांवर उघड दिसते. एकाच केंद्राच्या सगळ्या कार्डांवर ११०/७० आणि १२०/८० हेच दोन आकडे आलटून पालटून येतात. खरोखर मोजलेल्या बीपीत १०४, ११६, १२२ असे वेडेवाकडे आकडे येतात, कारण माणसांचे बीपी गोल आकड्यांवर थांबत नाही.

दुसरी अडचण रांगेची होती. आठव्या आठवड्यातली आणि सदतिसाव्या आठवड्यातली बाई एकाच रांगेत उभी राहायची आणि दोघींचे वजन, बीपी, रक्त, लघवी, पोट तपासणी असे सगळे थोडे थोडे व्हायचे. प्रत्यक्षात दोघींची गरज अगदी वेगळी असते.

पहिल्या तिमाहीतली भेट ही मुख्यतः विचारण्याची आणि एकदाच करायच्या तपासण्यांची असते. मागच्या बाळंतपणात काय झाले, पाळीची तारीख कोणती, रक्तगट, एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी, हिमोग्लोबिन, साखर. फॉलिक अ‍ॅसिड सुरू करायचे आणि टीडीचा पहिला डोस द्यायचा. ही भेट १२ आठवड्यांच्या आत व्हावी असा आग्रह असतो, कारण इथे कळलेल्या काही गोष्टींवरचे उपाय नंतर लागू पडत नाहीत.

दुसऱ्या तिमाहीत लोहाची रोज एक गोळी, ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिवसातून दोनदा आणि अल्बेंडाझोलची एक गोळी सुरू होते. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळातील व्यंगांसाठी सोनोग्राफी आणि २४ ते २८ आठवड्यांत साखरेची दुसरी तपासणी.

तिसऱ्या तिमाहीत बीपी, लघवीतील अल्ब्युमिन, वजन, गर्भाशयाची उंची, बाळाची हालचाल आणि ठोके, शेवटी बाळाची स्थिती आणि प्रसूतीचे ठिकाण. ३६ आठवड्यांच्या भेटीत बाळ आडवे किंवा पायाळू आहे का हे पाहिले नाही, तर ते कळा सुरू झाल्यावर कळते.

आपल्याकडे किमान चार भेटींचा नियम आहे: १२ आठवड्यांच्या आत, १४ ते २६, २८ ते ३४ आणि ३६ नंतर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये आठ भेटी सांगितल्या आणि त्यांतल्या पाच ३० आठवड्यांच्या पुढे ठेवल्या, कारण गरोदरपणातला रक्तदाब बहुतेक वेळा तिथेच डोके वर काढतो. चार भेटी धरून चाललो तर २८ ते ३४ मधली भेट २८ व्या आठवड्याला उरकली जाते आणि त्यानंतर बाई थेट ३६ ला येते. मध्ये आठ आठवडे कोणी बीपी पाहिलेलेच नसते.

पर्याय

हंगामाच्या सुरुवातीला आम्ही तीन पर्यायांवर बोललो. पहिला, सगळ्यांचे सगळे करायचे. वर दिलेले गणित पाहता हा कागदावरच शक्य होता. दुसरा, टोळ्यांमधल्या बायकांना ९ तारखेलाच बोलवायचे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरही भेटतील. पण त्या दिवशी आधीच सर्वाधिक गर्दी असते आणि मुकादम एकाच दिवशी सगळ्या गरोदर बायका सोडत नाही.

तिसरा पर्याय निवडला: दारातच आठवड्यांप्रमाणे वाटणी. एएनएम ताई कार्डावरची पाळीची तारीख बघून आठवडे काढतात आणि टोकनवर लिहितात. १३ पर्यंतच्या बायका नर्सकडे, सविस्तर माहिती देण्यासाठी. १४ ते २७ वाल्यांपैकी ज्यांची साखर तपासायची आहे त्यांना आल्या आल्या ग्लुकोजचे पाणी. २८ च्या पुढच्या सरळ बीपीच्या बाकाकडे. बाहेरगावाहून पहिल्यांदाच आलेली बाई कितीही आठवड्यांची असली तरी तिला आधी १३ पर्यंतच्या गटात बसवायचे, म्हणजे कार्डावर काय आहे यावर न विसंबता तिचे मागचे सगळे नव्याने विचारले जाते.

बीपीच्या बाकाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळा डाव तिथेच आहे. पाठ टेकायला भिंत, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. बायका घट्ट बाह्यांचे ब्लाउज घालून येतात. बाही वर सरकवली की दंडाला दोरी बांधल्यासारखी आवळते आणि आकडा चुकतो. त्यामुळे बाही सैल होत नसेल तर पातळ कापडावरूनच पट्टा बांधायचा, आवळलेल्या बाहीच्या खाली नाही. डिजिटल यंत्राने १३० च्या वर आकडा दाखवला की डायलच्या यंत्राने, स्टेथोस्कोप लावून पुन्हा घ्यायचे. गरोदरपणात बीपी वाढून झटक्यांपर्यंत जाऊ शकणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात बरीच डिजिटल यंत्रे खरे बीपी आहे त्यापेक्षा कमी दाखवतात.

काय केले

२५ आठवडे. सविताला आल्यावर ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यातून दिले. ही तपासणी उपाशीपोटी करावी लागत नाही. घोट घोट करत पाच-दहा मिनिटांत संपवायचे आणि दोन तासांनी रक्त घ्यायचे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर तपासणी बाद होते, पुन्हा दुसऱ्या दिवशी करावी लागते. सविताला उलटी झाली नाही. दोन तासांनंतरची साखर ११८ आली, १४० च्या खाली, म्हणजे मधुमेह नाही.

त्या दोन तासांत बाकीचे सगळे झाले आणि सगळ्यात महत्त्वाची माहिती तेव्हाच मिळाली. नर्सने विचारले, "पहिल्या बाळंतपणात सगळं नीट झालं होतं का?" सविता म्हणाली, "हो, नॉर्मल झाली." नर्सने पुढे विचारले, "किती दिवस दवाखान्यात होतीस? बाळ किती किलोचं होतं? दिवस पूर्ण भरले होते का?" तेव्हा कळले की नववा लागायच्या आधीच मोठ्या दवाखान्यात नेले होते, "बीपी वाढलंय म्हणून सुया दिल्या", बाळ दोन किलोचे होते आणि काचेच्या पेटीत ठेवले होते.

म्हणजे मागच्या वेळी प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता आणि बाळही कमी दिवसांचे होते. अशा बाईला या वेळीही तोच धोका जास्त असतो. १२ आठवड्यांच्या सुमारास हे कळले असते तर रोज ७५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन सुरू करता आले असते. २० आठवड्यांच्या आत सुरू केले तरच त्याचा खरा उपयोग होतो, २५ व्या आठवड्यात ती वेळ टळलेली होती. कॅल्शियम सुरू केले, कार्डावर लाल स्टिकर लावले आणि अतिजोखमीच्या यादीत नाव घेतले.

त्या दिवशीचे बीपी १०८/६६, लघवीत अल्ब्युमिन नाही, वजन ४६.२ किलो, गर्भाशयाची उंची २४ सेंटिमीटर. २४ आठवड्यांनंतर सेंटिमीटर आणि आठवडे साधारण बरोबरीने चालतात, तेव्हा हे ठीक होते. हिमोग्लोबिन ८.९, म्हणजे नोंदणीपेक्षा खाली आलेले. गोळ्या गावाकडून आणल्या होत्या, पण मळमळते म्हणून बंद केल्या होत्या आणि घेतल्या तेव्हा सकाळच्या चहाबरोबर घेतल्या होत्या. रोज दोन गोळ्या सुरू केल्या: एक दुपारच्या भाकरीनंतर तासाभराने, एक रात्री झोपताना. कॅल्शियम सकाळी आणि संध्याकाळी जेवणाबरोबर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही.

पहिला निर्णयाचा प्रश्न: पुन्हा कधी बोलवायचे? नेहमीच्या नियमाने चार आठवड्यांनी. जोखीम पाहता दोन आठवड्यांनी हवे होते, पण दर दोन आठवड्यांनी खाडा पाडून ती येणार नाही हे स्पष्ट होते. न पाळता येणारी तारीख देण्यात अर्थ नव्हता. म्हणून केंद्रात चार आठवड्यांनी यायचे ठरले आणि मधल्या वेळी एएनएम ताई लसीकरणासाठी टोळ्या राहतात त्या कोप्यांवर जातात तेव्हा बीपी यंत्र आणि लघवीच्या स्ट्रिप घेऊन जातील असे ठरवले. कोप्यांवरच्या बायका पहाटे फडावर निघायच्या आधी किंवा संध्याकाळी परतल्यावरच भेटतात. ताईंनी संध्याकाळ निवडली.

२९ आठवडे. बीपी ११२/७०, वजन ४७.९, उंची २८ सेंटिमीटर, हिमोग्लोबिन ९.२. महिनाभर गोळ्या घेऊन किमान १ ग्रॅम वाढ अपेक्षित असते, इथे ०.३ च होती. शिरेतून लोह देण्यासाठी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ती गेली नाही, कारण आणखी तीन-चार खाडे पडले असते.

३१ आठवडे. कोपीवर बीपी १२८/८४, लघवी स्वच्छ. आकडा नॉर्मलच, पण १०८, ११२ आणि मग १२८. ताईंनी त्याच संध्याकाळी फोन केला. पुढची तारीख दोन आठवड्यांनी होती, ती एका आठवड्यावर आणली. मुकादमाशी ताई स्वतः बोलल्या.

३२ आठवडे ३ दिवस. सकाळी दहाला बीपी १३६/८८, लघवीत अल्ब्युमिन नाही. डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे यांपैकी काही नाही. पण वजन ५१ किलो, तीन आठवड्यांत ३.१ किलोने वाढलेले. आणि गर्भाशयाची उंची २९ सेंटिमीटर, आठवड्यांपेक्षा तीनने कमी. म्हणजे आईचे वजन भराभर वाढत होते आणि बाळ मागे पडत होते.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण. १४०/९० ची रेषा ओलांडलेली नव्हती. गर्दीच्या दिवशी अशी बाई "एका आठवड्याने ये" म्हणून सहज परत जाते आणि कागदोपत्री त्यात काही चूक दिसत नाही. पण मागचा इतिहास, बीपीची चढती रेघ, वजन आणि उंची या चारही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. आम्ही तिला वॉर्डातल्या खाटेवर डाव्या कुशीवर झोपवले आणि जेवू घातले. दुपारी दोनला १४२/९२. लघवी पुन्हा घेतली, या वेळी आधी धुऊन आणि मधल्या धारेची, कारण अंगावरून पांढरे जात असेल तर स्ट्रिप उगाचच रंग बदलते. अल्ब्युमिन १+.

आता तीन वाटा होत्या. गोळी देऊन घरी सोडणे, रात्रभर केंद्रातच ठेवून सकाळी पुन्हा मोजणे, किंवा लगेच उपजिल्हा रुग्णालयात पाठवणे. पहिली वाट सोडली, कारण कोपीवर रात्री झटके आले तर गाडी पोचेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. दुसरी वाट पुस्तकाप्रमाणे चालली असती, निदानासाठी चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० हवे असते. पण प्लेटलेट आणि यकृताच्या तपासण्या आमच्याकडे नाहीत, आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत जन्मले तर नवजात शिशु कक्ष लागतो. सकाळच्या बीपीने उत्तर मिळाले असते, पण त्या उत्तराचे आम्ही करणार काय होतो? साडेतीनला १०२ ची गाडी बोलावली.

झटके टाळण्यासाठीचे मॅग्नेशियम सल्फेट दिले नाही, कारण बीपी १६०/११० च्या बरेच खाली होते आणि तीव्र लक्षणे नव्हती. मात्र नर्स बरोबर गेली आणि तिच्या पेटीत दहा अँप्युल होते, गरज पडलीच तर प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम देण्यासाठी. आधी रुग्णालयात फोन केला. चिठ्ठीवर सगळे बीपी तारीख-वेळेसकट लिहिले, फक्त शेवटचे नाही.

परिणाम

उपजिल्हा रुग्णालयात रात्री बीपी १४६/९४ आले. प्रीएक्लॅम्प्सियाचे निदान झाले, प्लेटलेट ठीक होत्या, बीपी कमी करणारे लॅबेटॅलॉल सुरू केले. कोपी लांब असल्यामुळे तिला दाखलच ठेवले. तिथेच शिरेतून लोह दिले. म्हणजे जे २९ व्या आठवड्यात खाड्यापायी राहिले होते ते दाखल असताना झाले. गावाकडून सासू आली आणि मोठ्या मुलाला सांभाळले, नवरा फडावर राहिला.

३५ आठवडे पूर्ण झाल्यावर दोन दिवसांनी डोके जड झाले आणि बीपी १६४/११२ गेले. मॅग्नेशियम सल्फेट सुरू करून प्रसूती घडवली गेली. मुलगी, १८५० ग्रॅम, सहा दिवस नवजात शिशु कक्षात. सविताला झटके आले नाहीत, रक्त चढवावे लागले नाही. प्रसूतीच्या वेळी हिमोग्लोबिन १०.४ होते.

वेगळे काय करता येईल

सर्वांत मोठी संधी साडेअकराव्या आठवड्यात होती. ती नोंदणी वेळेत झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, टीडी दिले गेले. कार्यक्रमाच्या दृष्टीने भेट पूर्ण. पण "मागचं बाळंतपण कसं झालं?" याला ग्रामीण भागात "नॉर्मल" हे उत्तर येते आणि त्याचा अर्थ एवढाच असतो की ऑपरेशन झाले नाही. म्हणून आमच्याकडे आता तीन प्रश्न ठरलेले आहेत आणि ते भिंतीवर चिकटवले आहेत: किती दिवस दवाखान्यात होतीस, बाळ किती किलोचे होते, दिवस भरले होते का. तिन्हींपैकी एकाचे उत्तर खटकले तर पुढे खोदून विचारायचे. याला दीड मिनिट लागते.

शिरेतून लोह देण्यासाठी २९ व्या आठवड्यात दिलेली चिठ्ठी वाया गेली, आणि तशी ती जाणार हे ओळखता येण्याजोगे होते. टोळीतल्या बायकांसाठी असा उपचार फडाला सुट्टी असेल त्या दिवशी लावून घेता येईल का, हे ग्रामीण रुग्णालयाशी बोलून आधीच ठरवायला हवे. पाऊस पडला की तोड बंद राहते, कारखाना बंद पडला तरी बंद राहते. अशा दिवसांची खबर मुकादमाकडून ताईंना सर्वांत आधी मिळते.

वाटणीच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. पाळीची तारीखच माहीत नसलेली बाई आली की दारातले आठवडे चुकतात. गर्भाशयाच्या उंचीवरून अंदाज घ्यावा लागतो आणि बाळ बारीक असेल तर तोच अंदाज फसवतो. अशी बाई २४ आठवड्यांच्या आतली वाटली तर पहिल्याच दिवशी सोनोग्राफीची चिठ्ठी द्यायची, पुढच्या भेटीची वाट पाहायची नाही, असे ठरवले आहे. नर्स रजेवर असली की माहिती घेण्याचे टेबल रिकामे राहते आणि सगळा भार पुन्हा माझ्या खोलीवर येतो.

एक गोष्ट अजून अर्धवट आहे. प्रसूतीनंतर पहिल्या आठवड्यात बीपी पुन्हा चढू शकते, आणि सविता रुग्णालयातून सुटली ती थेट सासूबरोबर गावी गेली. सुटताना तिच्या कार्डाच्या पहिल्या पानावर नर्सने लाल पेनने लिहिले: "दोन्ही बाळंतपणांत प्रीएक्लॅम्प्सिया. पुढच्या वेळी १२ आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवणे, अ‍ॅस्पिरिनबाबत विचारणे." गावाकडच्या आशाताईंचा नंबर तिच्या जुन्या कार्डावर होता. त्यांना फोन करून सुटल्यानंतर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी बीपी घ्यायला सांगितले. तिसऱ्या दिवशीचे कळले, १३८/८६. सातव्या दिवशी उपकेंद्रात यंत्र बंद होते. दहाव्या दिवशी तिथल्या एएनएम ताईंनी शेजारच्या उपकेंद्रातून यंत्र आणून घेतले, तेव्हा १२४/८० आले आणि लॅबेटॅलॉल कमी करण्यासाठी तिला तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवले.